यूसीचं पत्र आणि दुसरा हप्ता: ८० टक्के भरत नाहीत, काय लिहावं?

वारज्याची_सुमेधा

नमस्कार मंडळी. इथे संस्थांचे हिशेब बघणारे बरेच जण आहेत, म्हणून धागा काढतेय.

आमची अगदी लहान संस्था. पुण्यात दोन वस्त्यांत संध्याकाळच्या अभ्यासिका चालवतो, एक वारज्यात आणि दुसरी जनता वसाहतीत. एका कंपनीच्या सीएसआरमधून, म्हणजे सामाजिक जबाबदारीच्या निधीतून, वर्षाला १२ लाख मंजूर झालेत. प्रकल्पाचं वर्ष जुलै ते जून आणि हप्ते तीन: ५ लाख, ४ लाख, ३ लाख. पहिला हप्ता जुलैत आला. मिळालेल्या पैशांपैकी किमान ८० टक्के वापरले गेले की विनियोगाचं पत्र म्हणजेच यूसी, खर्चाचा तक्ता आणि सीएचा दाखला लावून पुढचा हप्ता मागायचा, अशी करारात अट आहे.

३१ ऑक्टोबरपर्यंत प्रकल्पाच्या खात्यातून गेलेले पैसे असे:

अभ्यासिकेतल्या ताईंचं मानधन ५६,०००
समन्वयकाचं मानधन ५४,०००
जागाभाडं ३६,०००
पुस्तकं आणि साहित्य २,०४,०००
खाऊ ३४,०००
प्रशासन १२,०००
जनता वसाहतीतल्या खोलीचं डिपॉझिट ३०,०००
डिसेंबरच्या प्रशिक्षणासाठी आगाऊ २०,०००
एकूण ४,४६,०००

म्हणजे ८९ टक्के. झालं काम, असं वाटलं. पण सीए म्हणाले, डिपॉझिट आणि आगाऊ रक्कम दाखल्यात खर्च म्हणून धरता येणार नाही. ती काढली तर ३,९६,००० उरतात. ७९.२ टक्के! पाऊण टक्क्यासाठी अडलंय.

खात्यात ५६,१४० शिल्लक आहेत, त्यातले २,१४० बँकेचं व्याज. तीन ताई आणि समन्वयक यांचं ऑक्टोबरचं मानधन ४२,००० आणि दोन खोल्यांचं भाडं १२,००० या आठवड्यात द्यायचंय. ते दिलं की खातं जवळपास रिकामं. अंदाजपत्रकात मानधन चार ताईंचं धरलंय, पण जनता वसाहतीतली खोली सप्टेंबरात मिळाली आणि तिथल्या दुसऱ्या ताई नोव्हेंबरपासून येताहेत.

पत्राचा मसुदा केलाय, त्याची सुरुवात अशी: "आपल्या उदार सहकार्यामुळे वस्तीतील असंख्य चिमुकल्यांच्या जीवनात ज्ञानाचा प्रकाश पसरला असून..." पुढे दोन पानं उपक्रमांची माहिती आणि शेवटी हप्त्याची विनंती. ८० टक्क्यांचं कुठे आणि कसं लिहू?

पेठेतला_पंत

ताई, ८० टक्क्यांचं नंतर बघू. आधी प्रशासनाचं हेड तपासा. सीएसआरच्या पैशात संस्थेला ५ टक्क्यांच्या वर प्रशासन खर्च करता येत नाही, कायदाच आहे तसा. तुमच्या १२ लाखांत प्रशासनाला किती धरलेत? ६० हजारांच्या वर असतील तर यूसी तिथेच अडकेल.

वारज्याची_सुमेधा

पंत, बरोबर ६० हजारच धरलेत. पण त्यात समन्वयक नाही, त्याचं हेड वेगळं आहे. तोही प्रशासनात येतो का?

जमाखर्च

पंत, ५ टक्क्यांची मर्यादा आहे हे खरं, पण ती कंपनीला आहे. कंपनी आपल्या सीएसआर विभागाच्या कारभारावर जो खर्च करते, तो तिच्या त्या वर्षाच्या एकूण सीएसआर खर्चाच्या ५ टक्क्यांच्या आत हवा. सुमेधाताईंच्या संस्थेच्या फोनबिलाला तो नियम लागत नाही. कंपन्या करारात स्वतःहून अशी मर्यादा घालतात, आणि घातली असेल तर पाळावी लागते, पण तो करार झाला. २० टक्क्यांचाही एक आकडा फिरत असतो, तो परदेशी देणग्यांच्या कायद्यातला. त्याचा इथे संबंध नाही. समन्वयक रोज वस्तीत जाऊन अभ्यासिका चालवत असेल तर तो प्रकल्पाचा खर्च.

आता मूळ प्रश्न. सीए बरोबर सांगताहेत. डिपॉझिट खोली सोडताना परत मिळणार, म्हणजे पैसे खर्च झालेच नाहीत, ते घरमालकाकडे तुमचे आहेत. प्रशिक्षण डिसेंबरात आहे, तोवर ते २० हजार त्या प्रशिक्षकांकडे तुमची उचल. दोन्ही ताळेबंदात येणे बाजूला बसतात. यूसीत ते "शिल्लक" या भागात दाखवायचे: इतके बँकेत, इतके आगाऊ दिलेले, इतकं डिपॉझिट.

मला खटकलं ते दुसरंच. पुस्तकं आणि साहित्य २,०४,०००? अंदाजपत्रकात या हेडला वर्षाला किती आहेत? चार महिन्यांत दोन लाखांची पुस्तकं बघितली की कंपनीचा माणूस पहिलं बोट तिथेच ठेवणार.

वारज्याची_सुमेधा

काका, वर्षाला १,८०,००० आहेत. जुलैत शाळा सुरू होऊन महिना झाला होता, म्हणून दोन्ही केंद्रांची वर्षभराची पुस्तकं, वह्या, खेळसाहित्य एकदम घेतलं. अप्पा बळवंत चौकात एकगठ्ठा घेतल्यावर सवलतही बरी मिळाली. ते बरोबर १,८०,००० झाले. वरचे २४,००० म्हणजे दोन लोखंडी कपाटं. जनता वसाहतीतली खोली दुपारी एका बचतगटाकडे असते, कुलूपबंद कपाटाशिवाय पुस्तकं राहिलीच नसती. साहित्य ठेवायला घेतली, म्हणून खजिनदारांनी साहित्यात टाकली. करारात एका हेडमध्ये १० टक्के इकडेतिकडे झालं तर चालतं असं आहे.

जमाखर्च

१,८०,००० चे १० टक्के १८,०००. तुम्ही २४,००० नी वर आहात, म्हणजे १३ टक्क्यांच्या पुढे. आणि १० टक्क्यांत बसलं असतं तरी कपाट पुस्तकाच्या हेडखाली घालू नये. ती मत्ता आहे. प्रकल्प संपल्यावर कोणाची, मालमत्ता नोंदवहीत कुठे, हे प्रश्न पाठोपाठ येतात. सीए व्हाउचर चाळतील तेव्हा फर्निचरच्या दुकानाचं बिल पुस्तकांत सापडेल, आणि मग ते उरलेली सगळी बिलं एकेक करून बघतील.

निखिल_ह

काका, इतकं ताणायचं कशाला? कपाटं साहित्यातच राहू देत, कोण बघतंय. आणि खात्यात पैसे नाहीत तर दुसऱ्या प्रकल्पाच्या खात्यातून महिनाभर फिरवायचे, हप्ता आला की परत टाकायचे. आमच्याकडे सर्रास चालतं. सगळ्या लहान संस्था अशाच जगतात, कबूल कोणी करत नाही इतकंच.

सीएसआरवाली

मी समोरच्या बाजूला बसते. एका कंपनीत सीएसआरचं काम बघते, नाव सांगत नाही.

निखिल, कोण बघतंय ते सांगते. आपण दिलेले पैसे मंजूर कामासाठी आणि मंजूर पद्धतीनेच वापरले गेले, याची कंपनीच्या संचालक मंडळाने खात्री करून घ्यायची असते आणि वित्तप्रमुखांना, म्हणजे सीएफओंना, तसं प्रमाणित करावं लागतं. सीएसआरच्या नियमांतच आहे ते. आमचे सीएफओ काही वारज्याला येणार नाहीत. ते सही करतात ती संस्थेच्या यूसीच्या भरवशावर. त्यामुळे यूसीतली बेरीज आणि बँकेचं स्टेटमेंट जुळत नसेल तर फाइल माझ्याच टेबलावर परत येते.

फिरवाफिरवीचं म्हणाल तर ती स्टेटमेंटमध्ये ठळक दिसते. महिनाअखेरीला एका गोल आकड्याची जमा आणि हप्ता आल्यावर दोन दिवसांत तेवढीच नावे. मला असं दिसलं की मी हप्ता थांबवून आधी दुसऱ्या प्रकल्पाचंही स्टेटमेंट मागते.

सुमेधाताई, एक विचारते. तुम्ही ३१ ऑक्टोबर हीच तारीख का धरलीत? करारात महिनाअखेर असं काही आहे का?

वारज्याची_सुमेधा

नाही, तसं काही नाही. महिना संपला म्हणून सहज धरली.

भाऊ_शिरूर

आमचा अनुभव सांगतो. आमच्या संस्थेला एका सरकारी योजनेचं अनुदान होतं. यूसी १२-ए नमुन्यातच द्यावं लागतं, साध्या पत्रावर कोणी घेत नाही. आणि व्याज पै न् पै परत करावं लागतं. आम्ही व्याजातून मुलांना सतरंज्या घेतल्या तर लेखापरीक्षकाने वसुली काढली. ताई, ते २,१४० आधी परत पाठवा, मग पत्र लिहा. आमचा दुसरा हप्ता तर आलाच नाही, योजनाच बंद झाली. संबंधित टेबलावर किती चकरा मारल्या ते विचारू नका.

जमाखर्च

भाऊ, १२-ए नमुना सरकारच्या वित्तीय नियमांतला. ताईंचे पैसे कंपनीचे, तिथे कंपनीचा नमुना किंवा नमुनाच नसेल तर पत्र. व्याजाचंही तसंच. सीएसआरच्या पैशावर संस्थेला मिळालेलं व्याज त्याच प्रकल्पात वापरता येतं, परत पाठवायची गरज नाही. मात्र ते दाखवायलाच हवं. जमेला ५,००,००० लिहून थांबलात तर शिल्लक २,१४० नी जुळणार नाही, आणि व्याज लपवलं असा समज होईल ते वेगळंच. जमा ५,०२,१४०.

सीएसआरवाली यांचा प्रश्न नेमका आहे. तारीख १० नोव्हेंबर धरा. तोवर ऑक्टोबरचं मानधन ४२,००० आणि नोव्हेंबरचं भाडं १२,००० रीतसर खात्यातून गेलेलं असेल. देय खर्च धरायचा की चुकता, हा वाद ३१ तारखेला उभा राहतो, कारण काम केलेल्या महिन्याचं मानधन पुढच्या महिन्यात जातं. आणखी दहा दिवस थांबलात की तो वादच संपला.

आता तुमच्याच आकड्यांवर करून बघू. कपाटं आणि डिपॉझिट प्रकल्पाच्या गळ्यात ठेवायची नाहीत असं समजू. संस्थेच्या स्वतःच्या फंडात किती आहेत?

वारज्याची_सुमेधा

सर्वसाधारण खात्यात ७०,००० आहेत. देणगीदारांचे किरकोळ जमलेले. पण ऑडिटची फी त्यातूनच जाते.

जमाखर्च

मग असं करा. कपाटांचे २४,००० आणि डिपॉझिटचे ३०,००० मिळून ५४,००० सर्वसाधारण खात्यातून प्रकल्पाच्या खात्यात भरा. टॅलीत जर्नल मारून भागवू नका, चेकने किंवा ऑनलाइन प्रत्यक्ष पैसे हलू देत. व्हाउचरवर लिहा: अमुक तारखेचा कपाट खर्च आणि डिपॉझिट संस्थेने स्वतःच्या निधीतून सोसले. मग १० नोव्हेंबरचं चित्र असं येतं. ताईंचं मानधन ८०,०००, समन्वयक ७२,०००, भाडं ४८,०००, पुस्तकं आणि साहित्य १,८०,०००, खाऊ ३४,०००, प्रशासन १२,०००. एकूण ४,२६,०००.

५ लाखांवर ८५.२ टक्के. व्याज धरून ५,०२,१४० वर काढलं तरी ८४.८. अट पूर्ण झाली, आणि कुठलाही आकडा ओढूनताणून आणलेला नाही.

शिल्लक ७६,१४०. त्यापैकी २०,००० प्रशिक्षणाची आगाऊ रक्कम, राहिलेले ५६,१४० बँकेत. स्टेटमेंटवर १० तारखेला हाच आकडा दिसतो का बघा. एक रुपयाचा फरक असेल तरी पत्र पाठवू नका. बँकेने एसएमएसचे आकार कापलेले असतात आणि ते नोंदवायचे राहतात. हमखास तिथेच घोळ निघतो.

अनघा_द

पण काका, हे संस्थेवर अन्याय नाही का? कपाटं प्रकल्पासाठीच घेतली ना? ७० हजारांतले ५४ हजार घातले तर त्यांच्याकडे १६ राहतात. मानधनाच्या हेडमध्ये पैसे वाचलेत असं दिसतंय. ते कपाटाकडे वळवायची परवानगी का मागू नये?

सीएसआरवाली

अनघा, मागता येईल. चार महिन्यांचं चार ताईंचं मानधन १,२८,००० होतं आणि गेलेत ८०,०००. म्हणजे ४८,००० वाचलेत. त्यातले २४,००० कपाटांना द्या असं मी असते तर मंजूर केलं असतं, कारण कारण पटण्यासारखं आहे. पण तो नवा हेड झाला, अंदाजपत्रकात कपाट नव्हतंच. म्हणजे आमच्याकडे अंतर्गत मंजुरी आली. दोन आठवडे लागतील, कधी महिनाही. तोवर हप्ता अडकला तर ताईंचं नोव्हेंबरचं मानधन कशातून देणार?

म्हणून माझं मत: आत्ता स्वतःच्या निधीतून सोसा. पत्रात एका ओळीत सांगा आणि मंजुरीची विनंती वेगळ्या पत्राने करा. मंजूर झाली तर २४,००० परत सर्वसाधारण खात्यात घेता येतील. हप्त्याची मागणी आणि अंदाजपत्रकातला बदल एकाच पत्रात आले की दोन्ही अडतात.

डिपॉझिट मात्र कायमचं संस्थेचंच असू द्या. प्रकल्प संपल्यावर खोली सोडाल, तेव्हा ते ३०,००० परत येतील आणि आमचं वर्ष बंद झालेलं असेल. ते पैसे कुठे घ्यायचे यावर आमच्या फायनान्सशी महिनाभर ईमेल होतात.

निखिल_ह

बरं, फिरवाफिरवीचं मागे घेतो. पण मग मानधन थकलं की ताई सोडून जातात त्याचं काय? तुमच्या मंजुऱ्या येईपर्यंत तिने घर कसं चालवायचं? कंपन्या पुढचा हप्ता पहिला संपायच्या आत का देत नाहीत?

सीएसआरवाली

अट ८० टक्क्यांची असते ती त्यासाठीच, उरलेल्या २० टक्क्यांत आमची प्रक्रिया व्हावी म्हणून. पण ते २० टक्के लहान संस्थेला महिनाभरही पुरत नाहीत, हे मला मान्य आहे. मी आमच्याकडे ७० ची अट करून घ्यायचा प्रयत्न केला होता. फायनान्सने ऐकलं नाही.

जमाखर्च

आता पत्र. सुमेधाताई, ज्ञानाचा प्रकाश वार्षिक अहवालासाठी ठेवा. हे पत्र वाचणाऱ्याला चार गोष्टी हव्यात: किती मिळाले, किती गेले, जिथे ठरल्यापेक्षा कमीजास्त झालं तिथे का, आणि पुढचे पैसे कशाला. एक पान पुरे, तक्ता वेगळा जोडा. कंपनीला इंग्रजीत लागेल, ते तुम्ही करून घ्या. मराठीत मी असं लिहीन:

> विषय: अभ्यासिका प्रकल्प, पहिल्या हप्त्याचा विनियोग व दुसऱ्या हप्त्याची मागणी
>
> महोदया,
>
> आपल्याशी झालेल्या करारानुसार पहिला हप्ता रु. ५,००,००० आम्हांस जुलैमध्ये मिळाला. त्यावर ३० सप्टेंबरपर्यंत रु. २,१४० बँक व्याज जमा झाले. एकूण जमा रु. ५,०२,१४०.
>
> १० नोव्हेंबरपर्यंत प्रकल्पावर रु. ४,२६,००० खर्च झाले. हे हप्त्याच्या ८५.२ टक्के आहेत. शिल्लक रु. ७६,१४० असून त्यापैकी रु. २०,००० डिसेंबरमधील प्रशिक्षणासाठी आगाऊ दिले आहेत व रु. ५६,१४० प्रकल्पाच्या बँक खात्यात आहेत. हेडवार तक्ता, बँक स्टेटमेंट व सनदी लेखापालांचा दाखला सोबत जोडला आहे.
>
> मानधनावर चार महिन्यांच्या तरतुदीपेक्षा रु. ४८,००० कमी खर्च झाले. जनता वसाहतीतील खोली सप्टेंबरमध्ये मिळाल्याने ते केंद्र दोन महिने उशिरा सुरू झाले व तेथील दुसऱ्या ताई नोव्हेंबरपासून रुजू झाल्या. जागाभाडे व खाऊ यांतील कमी खर्चाचे कारणही हेच. पुस्तके व साहित्य यांची वर्षाची पूर्ण तरतूद वापरली गेली आहे, कारण दोन्ही केंद्रांची खरेदी जुलैमध्ये एकत्र केली. या हेडखाली जूनपर्यंत आणखी खर्च होणार नाही.
>
> जनता वसाहतीतील खोलीचे डिपॉझिट रु. ३०,००० व दोन कपाटे रु. २४,००० ही रक्कम प्रथम प्रकल्पाच्या खात्यातून दिली होती. ती संस्थेने स्वतःच्या निधीतून भरून दिली असून वरील खर्चात धरलेली नाही.
>
> मार्चअखेरपर्यंत अंदाजे खर्च रु. ४,४८,००० आहे: ताईंचे मानधन १,६०,०००, समन्वयक ९०,०००, जागाभाडे ४८,०००, खाऊ ६५,०००, प्रशिक्षण ६०,०००, प्रशासन २५,०००. शिल्लक वजा जाता रु. ३,७१,८६० लागतील. तरी करारानुसार दुसरा हप्ता रु. ४,००,००० मिळावा, ही विनंती.

सही अध्यक्ष आणि खजिनदार दोघांची. सीएच्या दाखल्यावर यूडीआयएन हा ओळख क्रमांक आहे ना ते बघा, त्याशिवाय दाखला कोणी हातात धरत नाही. आणि दाखल्यातली तारीख, पत्रातली तारीख, स्टेटमेंटची शेवटची तारीख एकच हवी.

पेठेतला_पंत

काका, मसुदा झकास. पण एक शंका. लागतात ३,७१,८६० असं स्वतःच लिहायचं आणि मागायचे ४,००,०००? समोरचा म्हणेल मग तेवढेच घ्या. तो आकडा लिहूच नये.

जमाखर्च

पंत, तो नाही लिहिला तरी ती बाई दोन मिनिटांत काढेल. आणि २८,१४० तर उरतात. तिसरा हप्ता येईपर्यंत हाताशी तेवढी गंगाजळी नको का?

सीएसआरवाली

इथे माझं काकांशी पूर्ण जमत नाही. मी तो आकडा लिहाच असं म्हणेन, पण मागणीही ३,७२,००० ची करावी आणि २८,००० तिसऱ्या हप्त्यात घ्यावेत.

कारण मार्च. कंपनीने संस्थेला पैसे दिले म्हणजे ते खर्च झाले, असं आता धरता येत नाही. संस्थेने वापरले तरच खर्च. ३१ मार्चला तुमच्याकडे जे पडून राहतं, ते प्रकल्प चालू स्वरूपाचा म्हणून मंजूर असेल तर आम्हाला ३० एप्रिलच्या आत वेगळ्या न वापरलेल्या निधीच्या खात्याशी जुळवून घ्यावं लागतं. रक्कम लहान असली तरी कागद तेवढेच. फेब्रुवारीत मी सगळ्या संस्थांना फोन करून विचारते, मार्चअखेर खरंच किती उरणार? जी संस्था नोव्हेंबरातच सांगते, तिच्याबद्दल माझं मत चांगलं होतं, हे लपवत नाही.

जमाखर्च

तुमची बाजू समजली. पण करारात ४ लाख लिहिलेत, आणि एकदा कमी मागितले की पुढच्या वर्षी अंदाजपत्रकच कमी होतं, हेही मी बघितलंय. मी ४ लाखच मागेन आणि मार्चअखेर अंदाजे २८ हजार उरतील असं त्याच ओळीत लिहीन. पुढे कंपनीने ठरवावं.

अनघा_द

आणि ते वाचलेले ४८,०००? ते तर वर्षभर वाचलेलेच राहणार. त्यांचं काय करायचं तेही आत्ताच ठरवावं ना.

जमाखर्च

ठरवावं, पण या पत्रात नको. फेब्रुवारीत दोन्ही केंद्रं भरात आली की मग मुदतवाढ मागायची की दुसऱ्या हेडला वळवायचे ते बघा. आत्ता फक्त कारण लिहून ठेवा, म्हणजे पुढे बचत अचानक उगवली असं वाटणार नाही.

वारज्याची_सुमेधा

सगळ्यांचे आभार. ५४,००० सर्वसाधारण खात्यातून भरले, मानधन आणि भाडं दिलं, १० तारखेचं स्टेटमेंट काढलं. काकांनी म्हटलं तसंच झालं, १७ रुपये ७० पैसे एसएमएसचे गेले होते. प्रशासनात धरून खर्च आणि शिल्लक त्याप्रमाणे बदलली. सीएंनी दाखला दिला. मागणी ४ लाखांचीच केली आणि उरणाऱ्या रकमेची ओळ घातली. कपाटांच्या मंजुरीचं वेगळं पत्र.

काल उत्तर आलं. आकड्यांवर काहीच नाही! त्यांना जनता वसाहतीतल्या खोलीचा भाडेकरार आणि भाड्याच्या पावत्या हव्यात. आता ही खोली वस्तीतली. मालकाकडे स्वतःचेच कागद धड नाहीत, नोंदणीकृत भाडेकराराचं नाव काढलं की म्हणतो खोली रिकामी करा. आणि भाडं आम्ही त्याच्या मुलाच्या खात्यावर यूपीआयने टाकतो, कारण म्हाताऱ्याचं खातं नाही.

भाऊ_शिरूर

ताई, पावतीवर रेव्हेन्यू तिकीट लावून म्हाताऱ्याचा अंगठा घ्या. ५ हजारांच्या वरची रक्कम आहे, तिकीट लागतंच. आमच्याकडे तसंच चालायचं.

सीएसआरवाली

पावतीला अंगठा चालेल, पण पावती म्हाताऱ्याची आणि पैसे मुलाला, हे जुळायला हवं. वडिलांकडून एका कागदावर लिहून घ्या की भाडं मुलाच्या खात्यावर द्यावं. त्याखाली मुलाची सही आणि वीजबिल कोणाच्या नावावर आहे त्याची प्रत. आमच्याकडे हे दोनदा चाललंय. भाडेकराराऐवजी साधं संमतिपत्र चालेल का, ते मात्र त्या कंपनीच्या फायनान्सवर आहे. मी खात्री देऊ शकत नाही.

जमाखर्च

वीजबिल कोणाच्या नावावर आहे ते आधी बघा, ताई. वस्तीत ते बऱ्याचदा तिसऱ्याच माणसाच्या नावावर निघतं.

वारज्याची_सुमेधा

बघितलं. मालकाच्या वारलेल्या भावाच्या नावावर आहे.